सणाच्या मोठ्या मागणीच्या पानाचे मेटा डिस्क्रिप्शन कसे लिहावे?

कृष्णाकाठची

नमस्कार. वाईमध्ये आमचे घरचे मिठाईचे दुकान आहे आणि त्याच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आहे. दिवाळीत कारखाने, पतसंस्था आणि पाचगणीच्या शाळा यांच्याकडून मिठाईच्या बॉक्सची मोठी मागणी येते, म्हणून त्यासाठी आम्ही एक स्वतंत्र पान केले आहे. गूगलवर शोधल्यावर ते पान दिसते, परंतु निळ्या शीर्षकाखाली जो दोन ओळींचा मजकूर येतो, तो असा आहे: "मुख्यपृष्ठ मिठाई फरसाण संपर्क. आपले नाव. मोबाइल क्रमांक. बॉक्सची संख्या. पाठवा."

मी मात्र पानाच्या कोडमधील मेटा डिस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे त्या दोन ओळींसाठी द्यायच्या वर्णनात, पुढील मजकूर दिला होता: वाईतील आमचे "शुद्ध तुपातील" लाडू, कंदी पेढे, काजू कतली व सर्व प्रकारची स्वादिष्ट, दर्जेदार मिठाई सणासाठी योग्य दरात मिळेल, एकदा अवश्य भेट द्या.

माझे तीन प्रश्न आहेत. माझा मजकूर का दिसत नाही? तो किती अक्षरांचा असावा? आणि मराठीत लिहावा की इंग्रजीत?

तुपाची_धार

बॉक्सच्या झाकणावर एवढा मजकूर मावणार नाही. तिथे दुकानाचे नाव, एक पणती आणि "शुभ दीपावली" एवढेच पुरे. सोनेरी शाई वापरणार असाल तर ती पिवळ्या झाकणावर वाचता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कृष्णाकाठची

झाकणाचा मजकूर सासऱ्यांनी ठरवलेला आहे आणि त्यात बदल करण्याची माझी प्राज्ञा नाही. मी विचारते आहे ते गूगलच्या निकालात दिसणाऱ्या ओळींबद्दल.

अव्वल_नंबर

ताई, याचे गणित सोपे आहे. वर्णन बरोबर 160 अक्षरांचे असावे लागते, त्याहून एक जरी जास्त झाले तरी गूगल ते नाकारते. त्या 160 अक्षरांत "दिवाळी मिठाई वाई, मिठाई बॉक्स वाई, स्वीट्स वाई, बल्क ऑर्डर वाई" असे सर्व शब्द आलटून पालटून घाला, म्हणजे आपले पान आपोआप वर चढेल. शिवाय मेटा कीवर्ड्स नावाचा आणखी एक टॅग असतो, त्यातही हेच शब्द भरून ठेवा. माझ्या मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी मी हेच केले आणि आज तो आमच्या गावात पहिला येतो.

पसरणीघाट

आपल्या गावात हार्डवेअरची दुकाने किती आहेत?

अव्वल_नंबर

एक. पण तो मुद्दा नाही.

मोजपट्टी

मी हे काम बरीच वर्षे करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वर्णनात शब्द भरल्याने पान वर चढत नाही. शोधनिकालांचा क्रम लावताना कीवर्ड्सचा टॅग आणि वर्णनाचा टॅग हे दोन्ही विचारात घेतले जात नाहीत, असे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले आहे. वर्णनाचे काम क्रम ठरल्यानंतर सुरू होते. आपले पान चौथे दिसत असेल, तर तिसऱ्या आणि पाचव्याऐवजी माणसाने आपल्यावर बोट का टेकवावे, एवढेच त्या दोन ओळींनी सांगायचे असते. "मिठाई बॉक्स वाई, स्वीट्स वाई" ही माळ वाचून कोणी फोन उचलेल असे मला वाटत नाही.

अक्षरांच्या बाबतीत गूगलने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. जागा संपली की मजकूर तुटतो आणि पुढे तीन टिंबे येतात. ही जागासुद्धा स्थिर नसते. डिसेंबर 2017 मध्ये ती जवळपास दुप्पट झाली होती, लोकांनी धावपळ करून लांबलचक वर्णने लिहिली आणि मे 2018 मध्ये ती पुन्हा आखडली. 160 हा आकडा इंग्रजी मजकुराच्या अनुभवावरून रूढ झालेला अंदाज आहे, आणि मोबाइलवर तर मजकूर त्याच्याही आधी तुटू शकतो.

देवनागरीत तो अंदाज आणखी फसवा ठरतो. "किलो" हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण मोजणारी साधने वेलांटी आणि ओकाराची मात्रा वेगळी धरून चार मोजतात. "मिठाई" तीनची पाच होते. त्यामुळे साधन लाल खूण दाखवते, तेव्हा प्रत्यक्षात जागा शिल्लक असू शकते. तुटण्याचे कारण रुंदी हे आहे, संख्या नव्हे. म्हणून मी आकडा मोजत बसण्याऐवजी महत्त्वाची गोष्ट पहिल्या ओळीत आणतो आणि शेवटचे वाक्य तुटले तरी अर्थ शाबूत राहील अशी रचना करतो.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. आपले संकेतस्थळ तयार साच्यावर आहे की कोणी हाताने लिहिले आहे? पान उघडून त्याचा मूळ कोड पाहा आणि वर्णनाची ओळ जशीच्या तशी इथे द्या.

कृष्णाकाठची

ओळखीच्या एका मुलाने ते हाताने लिहून दिले आहे. ओळ अशी आहे:

```html
<meta name="description" content="वाईतील आमचे "शुद्ध तुपातील" लाडू, कंदी पेढे, काजू कतली ...">
```

मोजपट्टी

वाटले तेच निघाले. `content=` च्या पुढे जे दुहेरी अवतरणचिन्ह आहे, ते मजकुराची सुरुवात दाखवते आणि त्यानंतर येणारे पहिले दुहेरी चिन्ह मजकुराचा शेवट दाखवते. आपण "शुद्ध तुपातील" हे शब्द त्याच सरळ चिन्हांत घातले आहेत, त्यामुळे गूगलच्या दृष्टीने आपले वर्णन "वाईतील आमचे" एवढ्यावरच संपते. पुढचे लाडू आणि पेढे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत.

तुपाची_धार

शुद्ध हा शब्द अवतरणात घातला की गिऱ्हाईकालाही शंका येते, गूगलला का येऊ नये?

मोजपट्टी

अवतरण हवेच असेल तर आत `&quot;` लिहावे किंवा छपाईत असतात तशी वळणदार चिन्हे वापरावीत, पण इथे ते काढून टाकणेच उत्तम. बदल केल्यावर पुन्हा मूळ कोड पाहा. बरेच जण तो नुसता नजरेखालून घालतात आणि सर्व मजकूर दिसला म्हणजे ठीक आहे असे समजतात. खरी कसोटी अशी की पहिल्या दुहेरी चिन्हापासून वाचत जावे आणि पुढचे दुहेरी चिन्ह कोठे भेटते ते पाहावे.

मात्र एवढ्याने काम होईलच असे नाही. वर्णन नीट असले तरी शोधणाऱ्याच्या शब्दांशी पानावरील दुसरे एखादे वाक्य अधिक जुळते असे वाटले, तर गूगल ते वाक्य उचलते. आपल्या बाबतीत त्याने मेनू आणि फॉर्म उचलला, याचा अर्थ पानावर त्याला दुसरे वाक्यच सापडले नसावे. दरपत्रक कशा स्वरूपात ठेवले आहे?

कृष्णाकाठची

छापखान्यातून करून घेतलेले पत्रक आहे, त्याचेच चित्र पानावर लावले आहे. बॉक्सचे प्रकार, वजने, अटी असे सर्व काही त्या चित्रात आहे. त्याच्याखाली फक्त फॉर्म आहे.

शाईचा_डाग

छापखान्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण माझा व्यवसायच तो आहे. चित्र काढून मजकूर टाकायचे ठरले, तर छापखान्याकडून ती फाइल घेऊन त्यातील मजकूर तसाच चिकटवू नका. आमच्याकडची बरीच जुनी कामे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेली असतात. पडद्यावर ती मराठी दिसतात, पण आतून ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि तो फॉन्ट नसलेल्या ठिकाणी त्यांचा निव्वळ कचरा होतो. एका गिऱ्हाईकाने आमची लग्नपत्रिका अशीच संकेतस्थळावर नेली होती, तेव्हा वधूवरांची नावे कोणालाच वाचता आली नाहीत. गूगलच्या निकालात आपला फॉन्ट कोणी बसवून देत नाही, त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकित करावा किंवा परिवर्तकातून काढून जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. रफार आणि अर्धा र हमखास बिघडतात.

मोजपट्टी

हा मुद्दा माझ्याकडून राहिला असता, धन्यवाद.

चित्र काढण्याची गरज नाही, ते लोकांना पुढे पाठवायला उपयोगी पडते. परंतु त्यातील मुख्य गोष्टी चार-पाच सरळ वाक्यांत चित्राच्या वर लिहा. वर्णनात जे सांगाल तेच पानावरही शब्दांत असले, म्हणजे गूगलने आपले वर्णन डावलले तरी त्याच्या हाती दुसरे चांगले वाक्य लागते.

खरेदी_विभाग

मी शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात खरेदी पाहतो आणि दर दिवाळीला कामगारांसाठी मिठाई मागवण्याचे काम माझ्याकडे येते. तुमच्या त्या दोन ओळी ज्याच्यासाठी लिहायच्या आहेत तो माणूस मीच आहे, म्हणून माझी बाजू मांडतो.

स्वादिष्ट, दर्जेदार, शुद्ध हे शब्द मी वाचतही नाही, कारण ते प्रत्येकाच्या खाली असतात. मला चार गोष्टी हव्या असतात. हे दुकान शंभराच्या वर बॉक्स देते का, आमच्या फाटकापर्यंत पोच करते का, जीएसटीचे बिल देते का आणि मागणी कोणत्या दिवसापर्यंत घेते. बिल नसेल तर आमचे लेखा विभागातील लोक पैसे सोडत नाहीत, मग पेढा कितीही चांगला असो. शेवटचा दिवस मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्याकडे मंजुरी नेहमी उशिरा येते आणि मंजुरी हातात आल्यावर मी फक्त त्यांनाच फोन करतो, जे अजून मागणी घेत असतील.

दर मात्र तिथे लिहू नका. एका दुकानाच्या ओळींत अर्धा किलोचा दर दिसत होता, मी तो धरून मंजुरी घेतली आणि फोन केल्यावर कळले की तो आदल्या वर्षीचा होता. त्यांनी पानावर बदल केला होता म्हणे, पण गूगलवर जुनेच दिसत होते. वाढीव रकमेसाठी मला पुन्हा साहेबांपुढे उभे राहावे लागले.

अव्वल_नंबर

दर लिहिला नाही तर लोक बोट कशाला टेकवतील? स्वस्त असेल तर तो लिहावाच, असे माझे मत आहे.

मोजपट्टी

किरकोळ विक्रीच्या पानावर मी आपल्याशी सहमत झालो असतो. मोठ्या मागणीत दर संख्येवर आणि बॉक्समधील पदार्थांवर ठरतो, शिवाय काजू आणि मावा यांचे भाव सणाच्या तोंडावर हलतात. पानावर बदल केल्यानंतर गूगलने ते पान पुन्हा वाचेपर्यंत जुनाच मजकूर दिसत राहतो, आणि त्याला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात. संकेतस्थळाच्या मालकांसाठी गूगलचे सर्च कन्सोल हे साधन आहे, त्यात त्या पानाचा पत्ता घालून पुन्हा वाचण्याची विनंती करता येते, पण तीही विनंतीच असते. म्हणून जी गोष्ट सणाच्या पंधरवड्यात बदलू शकते, ती वर्णनात घालू नये. दिवाळीचे वर्णन निदान दसऱ्याच्या बरेच आधी जागेवर असावे.

कृष्णाकाठची

खरेदी_विभाग यांनी सांगितलेल्या गोष्टी धरून मी पुढील मसुदा केला आहे:

"दिवाळीसाठी वाईतून मिठाईचे बॉक्स. किमान 50 बॉक्स, अर्धा व एक किलो. वाई, पाचगणी, शिरवळ, खंडाळा येथे पोच. जीएसटी बिल मिळेल. मागणी 9 ऑक्टोबरपर्यंत."

पसरणीघाट

आपला खंडाळा साताऱ्याचा असला तरी महाराष्ट्रातील बहुतेक लोकांचा खंडाळा लोणावळ्याशेजारी आहे. तिथल्या एखाद्या हॉटेलने दोनशे बॉक्सची मागणी दिली आणि पोच मोफत मागितली, तर काय कराल? शिरवळ लिहिले की कारखानदारांना पुरेसे कळते. खंडाळ्याचा तपशील पानावर तालुक्याच्या उल्लेखासह द्या.

मोजपट्टी

मसुदा चांगला आहे आणि खंडाळा काढण्याची सूचना योग्य आहे. माझी हरकत तारखेला आहे. दिवाळी दर वर्षी सरकते, आणि ही तारीख पुढच्या वर्षी बदलायची राहिली तर नवा ग्राहक ती वाचून मागणी बंद झाली असे समजेल. पानाचा पत्ताही `/diwali-2025` असा वर्षाचा असू नये. तो `/diwali-bulk-order` असा कायमचा ठेवावा, म्हणजे दर वर्षी नव्या पानाने शून्यापासून सुरुवात करण्याची वेळ येत नाही.

खरेदी_विभाग

पण शेवटचा दिवस काढू नका, ती माझ्या गरजेची गोष्ट आहे.

शाईचा_डाग

"वसुबारसेच्या आठ दिवस आधीपर्यंत" असे लिहिले तर ते दर वर्षी खरे ठरेल. कॅलेंडर प्रत्येक कचेरीत टांगलेले असते.

मोजपट्टी

ही युक्ती मला आवडली. मग वर्णन असे होईल:

```html
<meta name="description" content="दिवाळीसाठी वाईतून मिठाईचे बॉक्स: किमान 50, अर्धा व एक किलो. शिरवळ, पाचगणी येथे पोच. जीएसटी बिल. मागणी वसुबारसेच्या आठ दिवस आधीपर्यंत.">
```

सण, गाव, माल आणि किमान संख्या पहिल्या काही शब्दांत आली आहे. मोबाइलवर मजकूर बिलानंतर तुटला तरी उरलेले वाक्य अर्थपूर्ण राहते. दहा बॉक्स हवे असलेला माणूस "किमान 50" वाचून पुढे जाईल, आणि ते आपल्या हिताचेच आहे, कारण दिवाळीच्या आठवड्यात असे फोन घेण्यासाठी दुकानात कोणी मोकळे नसते.

आणखी एक गोष्ट त्या मुलाकडून तपासून घ्या. हाताने लिहिलेल्या संकेतस्थळांत एकाच पानाची नक्कल करून दुसरे पान केलेले असते, त्यामुळे फरसाणाच्या आणि संपर्काच्या पानावरही हेच वर्णन राहून जाते. फरसाणाच्या पानाखाली "मिठाईचे बॉक्स, किमान 50" असे दिसले, तर पाव किलो चिवडा घेणारा माणूस परत फिरेल.

तुपाची_धार

एवढे सगळे झाले, पण मिठाईचे नाव मात्र कोठेच आले नाही. साताऱ्याकडचे दुकान आणि कंदी पेढ्याचा उल्लेख नाही, हे मला पटत नाही. बाहेरचा माणूस या भागातून पेढाच मागतो.

कृष्णाकाठची

सासऱ्यांनीही हाच आक्षेप घेतला आहे. परंतु मोठ्या मागणीत आम्ही पेढ्यापेक्षा लाडू, सोनपापडी आणि काजू कतलीच अधिक देतो, कारण माव्याचा माल फार दिवस टिकत नाही आणि कारखान्यात बॉक्स वाटायला कधीकधी दोन-तीन दिवस लागतात. पेढ्याचे नाव वर्णनात घातले, तर तोच मागितला जाईल.

खरेदी_विभाग

हे तुम्ही पानावर स्पष्ट लिहा. किती दिवस टिकेल हे दुकानदार स्वतःहून सांगत नाहीत. सुट्या मिठाईच्या ट्रेवर "या तारखेपूर्वी वापरावे" असे लिहिण्याचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम ऑक्टोबर 2020 पासून आला, पण आम्ही बॉक्स मागवतो तेव्हा तो ट्रे आमच्या नजरेसमोर नसतो.

तुपाची_धार

टिकण्याचे कारण मान्य आहे. तरीही "मिठाईचे बॉक्स" हे वाचून माझ्या तोंडाला पाणी सुटत नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

कृष्णाकाठची

माझा तिसरा प्रश्न राहून गेला आहे. सर्च कन्सोलमध्ये मी या पानाचे शोध पाहिले, तर लोक `diwali sweet box wai`, `sweets bulk order near shirwal` असे रोमन लिपीत लिहितात. देवनागरीतील शोध अगदी थोडे आहेत. मग वर्णन मराठीत ठेवण्यात अर्थ आहे का?

मोजपट्टी

माझ्या मते या ग्राहकासाठी इंग्रजीतील एक वेगळे पान करावे आणि त्याला स्वतःचे इंग्रजी वर्णन द्यावे. शोधातील शब्द निकालाच्या ओळींत ठळक दिसतात, पण रोमन शोधाला देवनागरी वर्णन मिळाले तर ठळक होण्यासारखे त्यात फारसे काही नसते. एकाच वर्णनात दोन्ही भाषा कोंबण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण जागा अर्धी होते आणि दोन्ही वाक्ये अपुरी राहतात.

शाईचा_डाग

मी असहमत आहे. लोक रोमनमध्ये लिहितात कारण फोनवर ते सोपे जाते, याचा अर्थ त्यांना इंग्रजी वाचायचे आहे असा नव्हे. पतसंस्थेचा व्यवस्थापक इंग्रजीत शोधेल आणि मराठी ओळ दिसली की गावचे दुकान म्हणून तिच्यावरच थांबेल. दहा इंग्रजी निकालांत एक मराठी उठून दिसतो.

खरेदी_विभाग

मला दोन्ही चालते. पण माझे साहेब मराठी वाचत नाहीत आणि मी दुवा त्यांनाच व्हॉट्सॲपवर पाठवतो. दुव्याखाली जो छोटा मजकूर येतो, तोही हाच असतो का?

मोजपट्टी

तो `og:description` या वेगळ्या टॅगमधून येतो आणि तिथे वेगळा मजकूर देता येतो. कृष्णाकाठची यांच्या पानाला इंग्रजी आवृत्ती होईपर्यंत त्या टॅगमध्ये इंग्रजी वाक्य ठेवण्याची सोय करता येईल. त्यातही अवतरणचिन्हांचा तोच नियम लागू आहे. शाईचा_डाग यांचा मुद्दा मी खोडून काढू शकत नाही. सध्या मराठी वर्णन ठेवा आणि सण संपल्यावर सर्च कन्सोलमध्ये पाहा, की रोमन शोधांत पान किती वेळा दिसले आणि त्यांपैकी किती जणांनी ते उघडले. मात्र मोठ्या मागणीचे शोध छोट्या गावात इतके कमी असतात, की एका वर्षाच्या आकड्यांवरून निकाल लावणे मला धाडसाचे वाटते.

कृष्णाकाठची

अवतरणे काढून नवे वर्णन टाकले आहे आणि चित्राच्या वर पाच वाक्ये लिहिली आहेत, त्यात माल किती दिवस टिकेल हेही आले आहे. फरसाणाच्या पानावर खरोखरच तेच जुने वर्णन होते, तेही बदलले. गूगलवर अजून जुनाच मेनू दिसतो आहे, म्हणून विनंती पाठवून ठेवली आहे. पेढ्याबाबत सासरे मागे हटलेले नाहीत. शीर्षकात "कंदी पेढे" घालावे, असा त्यांचा नवा आग्रह आहे.

खरेदी_विभाग

त्यांना विचारा की अर्धा किलो हे वजन खोक्यासह आहे की खोक्याविना. हे मात्र वर्णनात नसले तरी पानावर असू द्या, कारण कामगार घरी जाऊन काट्यावर ठेवून पाहतात आणि तक्रार माझ्याकडे येते.

कृष्णाकाठची

खोक्याविना. आजच लिहिते.